व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून जुनं मराठी पुस्तक टाइप करताय? आधी टिंबाचे पिक्सेल मोजा

जुन्या पुस्तकांची पानं हल्ली स्कॅनरवर कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त फिरतात. कुणीतरी गावच्या वाचनालयात बसून फटाफट फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, आणि मग चार जण ते वाटून घेऊन टाइप करायला बसतात. सगळ्यांचं टाइप झालेलं एकत्र केलं की लक्षात येतं की प्रत्येकाने वेगळंच वाचलंय. एकाचं 'त्यांनी' तर दुसऱ्याचं 'त्यानी', एकाचं 'शुद्ध' तर दुसऱ्याचं 'शुध्द', आणि तिसऱ्याने तर 'वाद्य' चा चक्क 'वाघ' केलेला, पुढे 'वाजवीत' असूनसुद्धा. यात टाइप करणाऱ्याचा आळस असतो असं मला वाटत नाही, बहुतेक वेळा त्या फोटोत ती खूण उरलेलीच नसते, आणि मग डोळा आपल्या मनाने काहीतरी भरून टाकतो. म्हणून वाचायला बसायच्या आधी फोटोत काय उरलंय आणि काय नाही हे ठरवायचं कसं, आणि मग संशयित शब्द सोडवायचा कसा, हे इथे पायरीपायरीने लिहितोय. उदाहरण 1962 च्या आधी छापलेल्या मराठी पुस्तकाचं घेतलंय, कारण तिथे अनुस्वार खच्चून भरलेले असतात आणि गोंधळही तिथेच सगळ्यात जास्त होतो.

आधी थोडा हिशोब

फोटो किती मेगापिक्सेलचा आहे हा प्रश्न इथे चुकीचा आहे. एका अक्षराला किती पिक्सेल मिळाले ते बघायचं. आणि अक्षराची उंची मोजायची ती शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत, म्हणजे साध्या 'क' किंवा 'प' ची, वरची मात्रा आणि खालचा उकार सोडून.

समजा पुस्तक डेमी आकाराचं आहे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, मिलिमीटरमध्ये साधारण 140 बाय 216. पुस्तक उघडून दोन्ही पानं एकाच फोटोत घेतली की रुंदी झाली 280 मिमी. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने फोटो पाठवताना तो लहान करतं, लांब बाजू बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास येते. त्यात आजूबाजूचं टेबल, फोटो काढणाऱ्याचा अंगठा वगैरे जाऊन पुस्तकाच्या वाट्याला ऐंशी टक्के आले असं धरलं तरी 1280 पिक्सेल. भागिले 280, म्हणजे दर मिलिमीटरला साडेचार पिक्सेल. नेहमीच्या पुस्तकी टायपात 'क' ची उंची सव्वादोन ते अडीच मिमी असते, तर अक्षराला मिळाले जेमतेम 11 पिक्सेल.

अकरा पिक्सेल ऐकायला वाईट वाटत नाही, आणि साधं 'कमल' त्यात बिनघोर वाचता येतं. पण अनुस्वाराचं टिंब अक्षराच्या उंचीच्या साधारण सहाव्या भागाएवढं असतं, म्हणजे दोन पिक्सेलसुद्धा नाही. टिंब आणि शिरोरेषा यांच्यामधली पांढरी फट त्याहून लहान, एक पिक्सेल कशीबशी. आणि खरी मेख तिथेच आहे. टिंब हे टिंब म्हणून दिसायचं तर ती फट दिसली पाहिजे. फट बुजली की टिंब शिरोरेषेला चिकटतं आणि शिरोरेषा तेवढ्या जागी किंचित जाड झाल्यासारखी दिसते, बस.

त्यातही टिंब पिक्सेलच्या चौकटीत नेमकं बसेल याची काही गॅरंटी नसते. चार पिक्सेलच्या सांध्यावर पडलं तर त्याची शाई चौघांत वाटली जाते आणि काळ्या ठिपक्याऐवजी फिकट राखाडी डाग उरतो. म्हणूनच एकाच ओळीत एक अनुस्वार ठसठशीत दिसतो आणि पुढचा गायब, छपाई तीच, टाईप तोच.

जोडाक्षराचंही हेच. 'द्ध' मध्ये दोन अक्षरं एका अक्षराच्या जागेत कोंबलेली असतात. वरचा द, त्याच्या पोटात खाली ध, म्हणजे प्रत्येकाला मिळाले पाच-सहा पिक्सेल उंची, आणि त्यात गाठ, पोट, शेपूट सगळं बसवायचं. 'द्ध' आणि 'द्व' यांत फरक असतो तो फक्त खालच्या वळणात वरून एक बारीक गाठ आहे की नाही एवढाच, आणि 'द्य' मधली आतली रेघ मिटली की लांबून तो 'घ' सारखा भासतो. शिवाय देवनागरी टायपात सगळ्या रेघा सारख्या जाड नसतात, बोरूच्या कापाप्रमाणे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक. जोडाक्षरात दोन अक्षरांना सांधणारी रेघ बहुतेक वेळा ती बारीकवालीच असते, त्यामुळे आधी तीच जाते. रोमन लिपीत अशी अडचण कमी येते कारण तिथे बहुतेक माहिती एकाच ओळीत आडवी पसरलेली असते, आपल्याकडे वर एक मजला, खाली एक मजला, आणि मधल्या मजल्यातही पोटमाळा.

मग जेपीइजी उरलंसुरलं खातं

जेपीइजी फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार कमी करून जागा वाचवतं. आपलं अक्षर 11 पिक्सेलचं, म्हणजे टिंब, मात्रा आणि शिरोरेषा बरेचदा एकाच चौकोनात येतात. शिरोरेषा काळी, लांब, जोरकस, ती टिकते. टिंब हे नेमके 'बारीक चढउतार', ते पुसट होतं. उलटही होतं आणि ते जास्त फसवं आहे: जोरकस काळ्या रेषेच्या आजूबाजूला फिकट राखाडी भुतं तयार होतात, आणि शिरोरेषेच्या वर असं एखादं भूत बसलं की नसलेला अनुस्वार दिसायला लागतो. फोटो डाउनलोड करून परत पाठवला, त्याचा स्क्रीनशॉट मारला, तो कापून आणखी कुणी टाकला की प्रत्येक वेळी हे सगळं नव्याने होतं.

फोनचा कॅमेराही काही कमी नाही. कमी उजेडात तो खरखर घालवायला फोटो गुळगुळीत करतो, आणि एकटा छोटा काळा ठिपका म्हणजे त्याच्या लेखी खरखरच. वरून कडा उठावदार करायला शार्पनिंग लावतो, त्याने टिंब आणि शिरोरेषेमधली फट कधी जास्त पांढरी होते तर कधी पूर्ण बुजते.

स्कॅनिंगच्या ॲपमधला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर तर अजिबात वापरू नका. पान मस्त पांढरंशुभ्र दिसतं हे खरं, पण ते ॲप प्रत्येक पिक्सेलला काळा नाहीतर पांढरा व्हायला लावतं, आणि आपला राखाडी झालेला अनुस्वार पांढऱ्यात जमा होतो. वर अनेक ॲप्स बारीक ठिपके डाग समजून साफ करतात. मी तर म्हणेन पिवळट, घाणेरडा दिसणारा रंगीत फोटो परवडला.

पहिली पायरी: मूळ फाइल मागवा आणि उंची मोजा

ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवून घ्या, म्हणजे फाइल लहान न होता आहे तशी येते. बारा मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 चा असतो. एकच पान उभं घेतलेलं असेल आणि ते लांबीचा नव्वद टक्के भाग व्यापत असेल तर 216 मिमीला 3600 पिक्सेल, म्हणजे मिमीला साडेसोळा, अक्षराला 40. तेच एक पान साध्या पद्धतीने पाठवलं तर 1440 पिक्सेल, अक्षराला 16. म्हणजे तोच फोन, तेच पुस्तक, आणि 11 पासून 40 पर्यंतचा फरक नुसत्या काढण्या-पाठवण्याच्या पद्धतीने पडतो.

मग फोटो कॉम्प्युटरवर उघडून एका अक्षराची उंची पिक्सेलमध्ये मोजा. पानाच्या मध्यावर एक, वरच्या ओळीत एक, आणि शिवणीच्या बाजूला एक, कारण फोन तिरका धरला असेल तर लांबची बाजू बारीक होते आणि शिवणीकडे कागद वळल्यामुळे अक्षरं आडवी दबतात. माझा कामचलाऊ नियम असा: 25 च्या वर असेल तर निवांत वाचा. 15 ते 25 मध्ये सुटे अनुस्वार चालतील, पण मात्रेवरचा अनुस्वार, रफार आणि उभी जोडाक्षरं तपासून घ्या. 15 च्या खाली गेलात तर कुठल्याही टिंबावर नुसत्या डोळ्याने विश्वास ठेवू नका, असण्यावरही नाही आणि नसण्यावरही नाही.

दुसरी पायरी: शब्द मोठा करा, पण दोन प्रकारे

फोटो बोटांनी ताणून मोठा केला की फोन पिक्सेलच्या मधल्या जागा अंदाजाने गुळगुळीत भरतो. त्यातून नवीन माहिती येत नाही, फक्त आकार डोळ्याला ओळखीचा वाटतो आणि खोटा विश्वास वाढतो. म्हणून संशयित शब्दाचा तुकडा कापून एकदा पिक्सेल जसेच्या तसे ठेवून मोठा करा आणि एकदा गुळगुळीत करून, आणि दोन्ही शेजारी ठेवा. कमांड देऊन फोटो कापायचं-मोठा करायचं ImageMagick हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर असेल तर असं:

```
magick pan.jpg -auto-orient -crop 400x120+620+840 +repage -colorspace Gray -filter Point -resize 600% choukoni.png
magick pan.jpg -auto-orient -crop 400x120+620+840 +repage -colorspace Gray -filter Lanczos -resize 600% gulgulit.png
```

`400x120` ही तुकड्याची रुंदी-उंची, पुढचे दोन आकडे डावीकडून आणि वरून किती आत ते. चौकोनी तुकड्यात बघायचं ते शिरोरेषेच्या लगेच वरच्या दोन-तीन ओळींतलं. खरं टिंब असेल तर तिथे एकदोन पिक्सेल आजूबाजूपेक्षा स्पष्ट गडद असतात आणि त्याच ओळीतल्या बाकीच्या टिंबांइतक्याच उंचीवर असतात. जेपीइजीचं भूत फिकट असतं, आणि ते एकटं नसतं, शिरोरेषेच्या कडेने तसे आणखी दोनचार दिसतात. कागदावरचा डाग किंवा माशीचा ठिपका कुठल्याही उंचीवर बसलेला असतो आणि रंगीत फोटोत बहुतेक तपकिरी असतो, म्हणून मूळ रंगीत फोटोही एकदा बघून घ्या.

काळा-पांढरा करू नका, राखाडीच ठेवा. माहिती त्या राखाडीतच आहे.

तिसरी पायरी: त्याच पानावरचा नमुना शोधा

हीच माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट, आणि लोक हीच करत नाहीत. संशयित अक्षर कसं दिसायला हवं हे आपण मनातल्या फॉन्टवरून ठरवतो, आणि तो फॉन्ट असतो आपल्या मोबाइलचा. जुन्या छापखान्याचा टाईप वेगळा, त्यातला 'क्त', 'त्त', 'श्व', 'ख' वेगळा. म्हणून नमुना त्याच पानावरून, शक्यतो त्याच ओळीच्या आसपास, अशा शब्दातून घ्यायचा ज्याबद्दल शंकाच नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा एका देवस्थानच्या जुन्या वृत्तांतात ओळ आहे, 'समारंभ आटोपल्यावर आचा░ांना शेला व नारळ दिला', आणि मधलं अक्षर चिखल झालंय. आचार्यांना की आचाऱ्यांना? विद्वान आचार्यांचा सत्कार होतो तसा भोजन रांधणाऱ्या आचाऱ्यांनाही शेला-नारळ देतात, त्यामुळे अर्थावरून सुटत नाही. व्याकरणावरूनही नाही, दोन्ही अनेकवचन, दोन्ही त्याच विभक्तीत.

आता खुणा कुठे बसतात ते बघा. 'र्यां' मध्ये रफार वर जातो आणि काना असलेल्या जागी, शिरोरेषेच्या वर बसतो, आणि अनुस्वार त्याच्या कुशीत. म्हणजे एकाच जागी हूक आणि टिंब, 11 पिक्सेलच्या फोटोत दोन्ही मिळून एक गोळा. 'ऱ्यां' मध्ये काना असलेल्या जागी वर फक्त टिंब, पण 'चा' चा काना आणि 'य' यांच्या मधे, शिरोरेषेच्या खाली, एक बारीक आडवी वळलेली रेघ. ही रेघ फिकट होऊन जाते खरी, पण तिने घेतलेली जागा जात नाही! हा या अक्षराचा सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे.

म्हणून पानावर दोन नमुने शोधायचे. 'करणाऱ्या', 'साऱ्या', 'दुसऱ्या' असले शब्द मराठी पानावर हमखास सापडतात आणि त्यात 'ऱ्या' शिवाय दुसरं काही असूच शकत नाही. दुसरीकडे 'कार्यास', 'सूर्याचा', 'मर्यादा' यांपैकी काहीतरी, तिथे रफारच. प्रत्येक तुकड्यात आधीच्या कान्याच्या उभ्या रेघेपासून 'य' च्या उभ्या रेघेपर्यंतचं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. 'साऱ्या' मध्ये ते समजा 14 आलं, 'कार्यास' मध्ये 10, आणि आपल्या संशयित शब्दात 13 किंवा 14, तर तो 'आचाऱ्यांना' आहे, रेघ दिसो न दिसो. मग वरचा गोळा तपासा: नुसत्या अनुस्वाराच्या 'त्यांना' मधल्या टिंबाएवढाच आहे का त्याहून रुंद? टिंबाएवढा असेल तर दोन्ही पुरावे जुळले. दोन्ही एकमेकांविरुद्ध गेले तर ठरवायचं नाही, शंका म्हणून सोडायचं. ओळ सारखी करायला जुळारी शब्दांच्या मधली जागा कमीजास्त करत, शब्दाच्या आतली सहसा नाही, म्हणून हे माप चालतं. फक्त शिवणीजवळच्या शब्दाला पानाच्या मध्यावरचा नमुना लावू नका.

'पत' आणि 'प्रत' लाही हीच युक्ती, पण तिथे रुंदी उपयोगी नाही, कारण प्र मधली तिरकी रेघ नवीन जागा घेत नाही. 'त्याची पत राहिली नाही' आणि 'त्याची प्रत राहिली नाही' दोन्ही अर्थाने चालतं. तिथे 'प' च्या दंडाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातले चारसहा पिक्सेल बघायचे आणि शेजारच्या नक्की 'प' शी, म्हणजे 'आपण' किंवा 'पण' मधल्या, तुलना करायची. तिथे पांढरं असायला हवं ते सारखं राखाडी आहे, तर प्र.

चौथी पायरी: पुस्तकाचं साल बघा, मग शुद्धलेखन लावा

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये त्यात भर पडली. त्याने न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि कवी, गुरू असे शब्द शेवटी दीर्घ झाले. त्याआधीच्या पुस्तकात 'पुस्तकें', 'केलें', 'येथें', 'घरांत', 'रामानें', 'मी जातों' हेच रीतसर लेखन. म्हणजे 1940 च्या पुस्तकात 'केल░' असं मात्रा आणि वर गोळा दिसला तर तो अनुस्वार असण्याची शक्यता मोठी, आणि तोच गोळा 1980 च्या पुस्तकात डाग असण्याची. आजच्या सवयीने टाइप करणारे हे अनुस्वार नकळत गाळतात, फोटो स्वच्छ असला तरी.

पण नियम हा पुरावा नाही, फक्त शक्यता. जुन्या छापखान्यांत एकाच पानावर 'नांव' आणि 'नाव' दोन्ही सापडतात, शिवाय टाईप झिजून मात्रा तुटलेल्या असतात. उकाराच्या बाबतीत तर जपूनच. 'ु' आणि 'ू' मधला फरक शेपूट कुठल्या बाजूला वळलंय एवढाच, आणि खालच्या ओळीची मात्रा त्यात घुसते. 'गुरु' आणि 'गुरू' मध्ये फरक 'र' च्या कमरेवर असतो, तो 15 पिक्सेलच्या खाली मला तरी खात्रीने दिसत नाही. वेलांटी त्या मानाने बरी: वरची कमान पुसट झाली तरी दंड कुठल्या बाजूला आहे ते कळतं, फक्त कमान पूर्ण गेली तर वेलांटीचा काना होतो, तेवढं लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: न सुटलेलं तसंच खुणेने सोडा

जे ठरत नाही ते चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासकट लिहा, जसं 'आचा[ऱ्यां?]ना', आणि पान क्रमांक व ओळ नोंदवून एका यादीत टाका. गुळगुळीत करून अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या माणसाला ओळखू येत नाही, कंस ओळखू येतो. टाइप करताना 'ऱ्या' साठी 'ऱ' हे नुक्तावालं अक्षर घेऊन हलन्त आणि 'या' द्या. साधा 'र' घेतलात तर तो रफार होऊन डोक्यावर जातो आणि इतका खटाटोप करून आचाऱ्याचा पुन्हा आचार्य होतो.

यादी झाली की पुस्तक जिथे आहे तिथल्या माणसाला फक्त तेवढ्याच ओळींचे फोटो परत मागा. त्याला सांगायचं ते एवढं: पूर्ण पान नको, अर्धंच पान, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर, झूम न करता नेहमीच्या लेन्सने. फार जवळ गेलात तर फोकस लागत नाही, मग थोडं मागे या, चारपाच इंचाचा भाग फ्रेममध्ये भरला तरी भरपूर आहे. स्क्रीनवर अक्षरावर बोट टेकवून फोकस घ्या, दोन फोटो काढा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अर्ध्या पानाला मिमीला 20-25 पिक्सेल सहज मिळतात, आणि मग टिंब आठ-दहा पिक्सेलचं होऊन समोर येतं. पाठवणारा कंटाळला असेल तर आधी 'आचाऱ्यांना' वाल्या ओळीचाच मागवा, नियमाने सुटण्यासारखे 'केलें'-'येथें' नंतर आले तरी चालतील.